फॅमिली ग्रुप सोडायचाय, पण ‘रुसून गेली’ असं नको व्हायला

मी हे एकदा चुकीच्या पद्धतीने केलंय, म्हणून आधी तेच सांगते. आत्याने काढलेला आमचा सगळ्या चुलत-आत्ते भावंडांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ३८ जणं. सकाळी सहापासून फुलांच्या फोटोंवर सुविचार, दुपारी कुणाच्या तरी बाळाचे सतरा व्हिडिओ, रात्री राजकारण. एका रात्री सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायच्या तारखेवरून वाद झाला. माझा त्यात फक्त एक मेसेज होता, “मला त्या आठवड्यात नाही जमणार” एवढाच, त्यावर कोणीच काही बोललं नाही. पावणेबारा वाजता फोन परत वाजला आणि मी वैतागून ग्रुप सोडला. सायलेंटली सोडता येतं म्हणे आता, कोणाला कळणार नाही, असं वाटलं. सकाळी आठला आईचा फोन. “काय गं, काय झालं काल? आत्या विचारतेय, तू रागावून गेलीस का.”

मी रागावले नव्हते, मला फक्त झोपायचं होतं. पण पुढचा आठवडाभर मी ते चार जणांना समजावत बसले आणि शेवटी कंटाळून परत ग्रुपात गेले. चार महिन्यांनी दुसऱ्यांदा बाहेर पडले, तेव्हा कुणी एक शब्द बोललं नाही. त्या दोन वेळांमध्ये काय काय वेगळं होतं ते सविस्तर लिहिते. मोठ्या नातेवाईकांचा ग्रुप डोळ्यासमोर ठेवून लिहितेय कारण सगळ्यात नाजूक तोच असतो, मित्रांच्या ग्रुपचं वेगळं आहे, ते मध्ये येईल.

आधी बघा, खरंच सोडायचाय का

निम्म्या लोकांना ग्रुप सोडायचा नसतो, त्यांना शांतता हवी असते. त्यासाठी म्यूट आहे. ग्रुप उघडा, वर नावावर टॅप करा, नोटिफिकेशन म्यूट करताना ‘Always’ निवडा. मग बाहेर चॅटच्या लिस्टमध्ये येऊन त्याच ग्रुपवर बोट दाबून ठेवा आणि अर्काइव्ह करा. आता तो ग्रुप रोज वर येऊन डोळ्यासमोर नाचणार नाही. पूर्वी नवीन मेसेज आला की अर्काइव्ह केलेलं चॅट टुणकन परत वर यायचं, २०२१ पासून तसं होत नाही, आत टाकलेलं आतच राहतं (आणि तुमच्याकडे तरीही वर येत असेल तर सेटिंग्जमध्ये ‘Keep chats archived’ बंद असेल, ते चालू करा). तुम्ही म्यूट केलंय की अर्काइव्ह केलंय हे दुसऱ्या कुणालाही दिसत नाही, अगदी अ‍ॅडमिनलासुद्धा नाही.

फोटोंनी फोन भरतोय ही तक्रार असेल तर त्याच ग्रुपच्या माहितीत मीडिया गॅलरीत दिसू न द्यायची सेटिंग असते आणि मेन सेटिंग्जमध्ये ऑटो डाउनलोड बंद करता येतं. बऱ्याच जणांचा त्रास इथेच संपतो.

यातली एक अडचण आधीच माहीत असू द्या. ग्रुप म्यूट असला तरी कोणी तुमच्या नावाने मेन्शन केलं किंवा तुमच्याच मेसेजला रिप्लाय दिला तर नोटिफिकेशन येतं. आमच्या ग्रुपात एक काका प्रत्येक पोस्टखाली दहा जणांना मेन्शन करतात, त्यामुळे माझं म्यूट अर्धंच चालायचं. तर पंधरा दिवस असं ठेवून बघा. पंधरा दिवसांनीही तुम्ही आत जाऊन ‘काय चाललंय’ बघत असाल, चिडत असाल, कोणी “तू बघितलंस ना ग्रुपवर?” असं विचारून अडकवत असेल, तर मग सोडायचा विचार करा. म्यूट केलेल्या ग्रुपचा खरा ताप आवाजाचा नसतोच, तुम्ही तिथे आहात म्हणजे तुम्हाला सगळं माहीत आहे असं बाकीचे धरून चालतात, हा असतो.

कोणाला काय दिसतं

२०२२ च्या ऑगस्टपासून व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप सोडला की सगळ्यांना ती ‘अमुक अमुक लेफ्ट’वाली ओळ दिसत नाही, फक्त अ‍ॅडमिनना कळतं. यालाच लोक ‘सायलेंट एक्झिट’ म्हणतात. पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही.

पहिली, ग्रुपच्या माहितीत खाली मेंबरच्या यादीजवळ कोण कोण सोडून गेलं ते ६० दिवस कुणालाही बघता येतं. रोज कोणी बघत नाही हे खरं, पण एकाने विचारलं की “अरे ती आहे का ग्रुपात?” की दुसरा लगेच जाऊन बघतो.

दुसरी जास्त महत्त्वाची. आपल्या घरच्या ग्रुपांमध्ये अ‍ॅडमिन किती असतात मोजलंय का कधी? आत्याने ग्रुप काढला, मग तिला कोणाला अ‍ॅड करता येईना म्हणून तिने भाच्याला अ‍ॅडमिन केलं, भाच्याने बहिणीला, आणि मग कोणी वाईट वाटून घेऊ नये म्हणून सगळ्या मोठ्यांना. मी नंतर मोजले, ३८ पैकी ११ अ‍ॅडमिन. म्हणजे माझी ‘सायलेंट’ एक्झिट ११ जणांच्या स्क्रीनवर लिहून आली होती आणि त्यातले सात जण त्या रात्री जागे होते. तर सोडण्याआधी मेंबरची यादी उघडा आणि ज्यांच्या नावापुढे अ‍ॅडमिन लिहिलंय ते मोजा. एक-दोन असतील तर काम सोपं. आठ-दहा असतील तर सगळ्यांना कळणार आहे असंच धरून चाला.

ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर नसेल तर हा प्रश्नच नाही, सिग्नलवर आणि मेसेंजरवर तुम्ही गेलात ही ओळ चॅटमध्ये सगळ्यांसमोर येते. आयफोनच्या आयमेसेज ग्रुपमध्ये तर कमीत कमी चार जण असल्याशिवाय आणि सगळे आयमेसेजवर असल्याशिवाय बाहेर पडायचा पर्यायच मिळत नाही. तिथे म्यूटवरच भागवायचं.

वेळ कुठली निवडायची

माझी पहिली चूक हीच. तुम्ही का गेलात हे लोक तुम्हाला विचारून ठरवत नाहीत, तुमच्या आधी ग्रुपात काय चाललं होतं ते बघून ठरवतात. वर स्क्रोल केलं, वाद दिसला, त्यात तुमचा मेसेज दिसला, त्याला कोणी उत्तर दिलं नव्हतं, संपलं, गोष्ट तयार.

म्हणून वाद झाल्यावर निदान आठवडाभर तरी थांबा, भले तुम्ही त्यात नसलात तरी. कुणाचा वाढदिवस, साखरपुडा, बाळाची बातमी, कुणी आजारी, अशा वेळी तर अजिबात नाही. आणि दुसरं कोणी नुकतंच ग्रुप सोडून गेलं असेल तरी थांबा, कारण दोघं एका आठवड्यात गेले की ‘यांचं काहीतरी आधीच ठरलेलं’ असं होतं.

दुसऱ्या वेळी मी उलट केलं. सोडायच्या दोन-तीन दिवस आधी मुद्दाम ग्रुपात थोडी दिसले. आत्तेभावाच्या मुलीने काढलेल्या चित्रावर दोन ओळी लिहिल्या, आत्याच्या गुडघ्याची चौकशी केली. हे नाटक वाटेल कुणाला, पण नाहीये, मला ते लोक आवडतात, मला फक्त ग्रुप आवडत नाही. वर स्क्रोल करणाऱ्याला तुमचा शेवटचा मेसेज साधा, बरा दिसला पाहिजे एवढंच.

घरच्यांना आधी सांगा, मग अ‍ॅडमिनला

हा भाग मला कोणीच सांगितला नव्हता. तुम्ही ग्रुप सोडलात की फोन तुम्हाला येत नाही, तुमच्या आईला येतो. किंवा बाबांना, मोठ्या बहिणीला, नवऱ्याला. आणि त्यांना काहीच माहीत नसेल तर ते गडबडतात, “अगं नाही, मला पण नाही माहीत, विचारते” असं म्हणतात, आणि ‘मला पण नाही माहीत’ हे वाक्य सगळ्यात वाईट, कारण त्याचा अर्थ समोरचा लावतो की घरातसुद्धा न सांगता गेली म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.

तर आईला आधी सांगा आणि तिला एक वाक्य देऊन ठेवा. मी आईला म्हटलं, “कोणी विचारलं तर सांग, ऑफिसचे ग्रुपच इतके झालेत की तिने बरेच ग्रुप कमी केलेत, फोन करा म्हणाली.” खरंच मी त्याच महिन्यात अजून तीन ग्रुप सोडले होते. कारण खरंच असू द्या, कारण आई ते अकरा जणांना सांगणार आहे आणि तुम्हाला पुढे त्याच कारणावर टिकून राहायचंय. “फोन बिघडलाय” असं सांगितलं की पंधरा दिवसांनी कोणीतरी म्हणतंच, आता झाला ना दुरुस्त, टाकू का परत?

सासरचा ग्रुप असेल तर हे काम नवऱ्याने करायचं. खरंच, यावर माझं मत ठाम आहे. सून बाहेर पडली आणि तिने स्वतः काकूंना सांगितलं तर ती बातमी होते. नवऱ्याने आपल्या काकूला सांगितलं, “तिला मीच म्हटलं, मी आहे ना ग्रुपात, काही असलं तर मी सांगतो,” तर तो विषय तिथेच संपतो. माहेरच्या ग्रुपातून जावयाला बाहेर पडायचं असेल तर हेच उलटं.

मग अ‍ॅडमिन. म्हणजे ज्याने ग्रुप काढला तो, अकराच्या अकरा नाही. यांना मेसेज करू नका, फोन करा. लिहिलेल्या मेसेजचा सूर वाचणारा ठरवतो आणि त्याचा स्क्रीनशॉटही निघतो. मी रविवारी सकाळी आत्याला फोन केला, आधी दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोललो आणि मग:

“आत्या, एक सांगायचं होतं. मी आपल्या ग्रुपातून बाहेर पडतेय, रागावून बिगावून नाही हां. मला दिवसभर फोन बघवत नाही आणि मग तुमचे महत्त्वाचे मेसेज पण त्या गर्दीत राहून जातात. तुला आधी सांगावं म्हटलं.”

आत्या लगेच: “कोणी काही बोललं का तुला?”

हा प्रश्न येणारच, शंभर टक्के. इथे क्षणभरही अडखळलात तर गेलात. “नाही गं, कोणी काही नाही बोललं, मी बाकीचे पण ग्रुप सोडलेत,” एवढंच, आणि पुढे लगेच तिला एक काम द्या. मी म्हटलं, “काही कार्यक्रम ठरला किंवा कोणाचं काही दुखलंखुपलं तर तू मला फोन करशील ना?” माझ्या मते फोनमधला हाच भाग कामाला आला. आता आत्याकडे माझ्या जाण्याची बातमी नव्हती, आत्याकडे एक जबाबदारी होती. पुढे कोणी विचारलं की ती स्वतःच सांगायची, “हो, मला सांगून गेलीये, काही असलं की मी कळवते तिला.”

फोनवर ग्रुपबद्दल तक्रार करायची नाही. “फॉरवर्ड फार येतात” हेही नाही, कारण फॉरवर्ड पाठवणारी बहुतेक तीच असते. “तुझे मेसेज सोडून बाकीचे” हे तर त्याहून वाईट, ते तासाभरात बाकीच्यांपर्यंत पोचतं.

ग्रुपवर निरोप लिहायचा का

मोठ्या ग्रुपात नाही. तीस-चाळीस जणांच्या ग्रुपात “मी ग्रुप सोडत आहे, सगळ्यांना शुभेच्छा” असं लिहिलं की त्यावर पन्नास मेसेज येतात, का, काय झालं, नको जाऊस, हात जोडलेले इमोजी, आणि मग जाताही येत नाही. तुम्हाला माहिती न देता जायचं नव्हतं, ती माहिती आत्याकडे गेलीये, बास.

मित्रांचा सहा-सात जणांचा ग्रुप असेल तर मात्र लिहायलाच हवं, तिथे एक जण गायब झाला की त्याच संध्याकाळी कळतं. आणि तिथे लांबण लावायची नाही, कारणांची यादी द्यायची नाही. मी असं लिहिलं होतं:

“ऐका रे, मी हा ग्रुप सोडतेय, भांडण नाही काही नाही, मला सारखं चॅट झेपत नाहीये. भेटायचं ठरलं की मला फोन करा, मी येतेच आहे. १५ तारखेचं पण नक्की.”

यातली शेवटची ओळ बघा. पुढची एक ठरलेली भेट नावानिशी लिहिली की ग्रुप सोडलाय, माणसं नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. तशी भेट ठरलेली नसेल तर आधी ठरवा आणि मग सोडा. मेसेज टाकल्यावर लगेच पाच मिनिटांत निघू नका, चार जण चिडवतील, त्यांना हसून उत्तर द्या आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी निघा. मेसेज टाकून त्याच मिनिटाला बाहेर पडणं हे दार आपटण्यासारखंच दिसतं, शब्द कितीही गोड असले तरी.

“काही लोकांमुळे”, “आता सहन होत नाही”, “ज्यांना कळायचं त्यांना कळेल” हे कुठल्याही ग्रुपात लिहायचं नाही. लिहायचा मोह होत असेल तर तुमची सोडायची वेळ अजून झालेली नाही, तुमची भांडायची वेळ झालीये, ते त्या माणसाशी वेगळं करा.

बटण दाबायच्या आधी

जुने फोटो हवे असतील तर ग्रुपच्या माहितीत मीडियामध्ये जाऊन सेव्ह करून घ्या, आजी-आजोबांचे फोटो बऱ्याचदा तिथेच असतात. पत्ते, फोन नंबर, कोणाचा रक्तगट कोणता असलं काही लिहून घ्या.

तुम्ही स्वतः अ‍ॅडमिन आहात का बघा. एकटेच अ‍ॅडमिन असाल आणि तसेच गेलात तर व्हॉट्सअ‍ॅप कोणालाही आपोआप अ‍ॅडमिन करून टाकतं, आणि ते नेमके मेन्शनवाले काका निघाले तर बाकीचे तुम्हाला माफ करणार नाहीत. आधी कोणाला तरी विचारून अ‍ॅडमिन करा.

मग ग्रुपच्या माहितीत अगदी खाली ‘Exit group’. वेळ दुपारची निवडा, कामाच्या दिवसाची. रात्री उशिरा गेलं की ‘रागात गेली’ वाटतं, हे मी अनुभवाने सांगतेय. बाहेर पडल्यावर ते चॅट तुमच्याकडे तसंच राहतं, जुनं वाचता येतं, फक्त नवीन येत नाही. डिलीट करायला गेलात तर त्या ग्रुपचे फोनमधले फोटो पण उडवायचे का असं विचारणारी टिक असते, ती नीट बघा. माझे एका लग्नाचे सगळे फोटो तसे गेलेत.

पहिले दोन-तीन आठवडे

लोक आता तुमच्याकडे बघणार आहेत, म्हणजे खरंच रागावलीये का ते तपासणार आहेत. या काळात ज्या गोष्टी तुम्ही ग्रुपात करायचात त्यातल्या दोन-तीन वेगळ्या करा. मी फोनच्या कॅलेंडरमध्ये जवळच्या दहा-बारा जणांचे वाढदिवस टाकून ठेवले आणि त्या दिवशी फोन करायला लागले. ग्रुपवर अडतीस केकच्या इमोजींमध्ये माझा एक केक कोणाला दिसत नव्हता, फोन मात्र लक्षात राहतो. पहिला फोन गेल्यावर काकू म्हणाल्या, “मला वाटलं तू रागावलीस की काय,” म्हणजे आत्याच्या सांगण्यानंतरही शंका होतीच, ती फोनने गेली.

कोणीतरी तुम्हाला परत अ‍ॅड करणार, बहुतेक प्रेमानेच, त्याला वाटतं चुकून बाहेर पडलात. लगेच परत बाहेर पडू नका. त्या माणसाला वेगळा मेसेज टाका, “अरे, मी मुद्दाम सोडलाय, आत्याला माहितीये, परत निघते हां,” आणि एक दिवसाने निघा. दोनदा-तीनदा असं झालं तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत ‘Groups’ म्हणून आहे, तिथे कोण तुम्हाला अ‍ॅड करू शकेल ते ठरवता येतं, ‘My contacts except…’ निवडून ठरावीक लोकांना वगळता येतं. मग त्यांना थेट अ‍ॅड करता येत नाही, तुम्हाला वेगळं आमंत्रण पाठवावं लागतं आणि ते ३ दिवसांत संपतं. पण जपून, कारण अ‍ॅड करायला गेलेल्याला ते जाणवतं, आणि ग्रुप सोडल्यापेक्षा हे जास्त लागतं. आत्याला यात टाकू नका.

काही कामाच्या गोष्टी सुटतील हे धरून चाला. मला एकदा कार्यक्रमाची बदललेली वेळ कळलीच नाही आणि मी दोन तास आधी पोचले. त्यानंतर भावाने एक वेगळा ग्रुप काढला, त्यात मेसेज फक्त अ‍ॅडमिन पाठवू शकतात अशी सेटिंग केली, म्हणजे तारीख, वेळ, पत्ता, बास, त्यावर कोणी गुड मॉर्निंग टाकूच शकत नाही. हे आधीच सुचवता आलं तर फार बरं, सोडायच्या फोनमध्येच आत्याला सांगा.

एवढं सगळं जिथे माणसं चांगली आहेत आणि फक्त गोंगाट आहे तिथे. कोणी ग्रुपात तुम्हाला टोचून बोलतंय, घाणेरडे मेसेज टाकतंय, तर यातलं काही करायची गरज नाही, तेव्हाच्या तेव्हा निघा. आणि घरात कोणी दवाखान्यात असताना डबे-पाळ्या ठरवायला काढलेला ग्रुप असेल तर तो कितीही वाजला तरी काम संपेपर्यंत सोडू नका, म्यूट करा आणि दिवसातून दोनदा उघडून बघा.

आमच्या ग्रुपातून मी गेल्यावर दीड महिन्याने आत्याचा फोन आला, हळू आवाजात. “ते म्यूट कसं करतात गं?”